स्क्वीझ्ड प्रकाश: एका क्वाड्रेचरमधला नॉइज कमी केला की दुसऱ्यातला का वाढतो? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

स्क्वीझ्ड प्रकाश म्हणजे ज्याच्या नैसर्गिक थरथरीचा एक भाग मुद्दाम दाबलेला असतो असा प्रकाश. त्याचे उपयोग अनेक आहेत, परंतु येथे उत्तरे देताना एकच ठिकाण डोळ्यांसमोर ठेवले आहे: गुरुत्वीय लहरी टिपणारे लायगोसारखे डिटेक्टर. या प्रकाशाचा फायदा आणि त्याची किंमत ही दोन्ही तिथे इतकी स्पष्ट मोजली गेली आहेत की वेगळी उदाहरणे शोधण्याची गरज पडत नाही.

क्वाड्रेचर म्हणजे नेमके काय?

एका ठरावीक वारंवारतेची प्रकाशलहर घेतली, तर तिचे विद्युतक्षेत्र दोन भागांच्या बेरजेने पूर्णपणे सांगता येते. एक भाग कोसाइनच्या तालावर चालतो आणि दुसरा साइनच्या, म्हणजे पहिल्यापेक्षा पाव आवर्तन मागे. या दोन भागांचे आकार म्हणजे दोन क्वाड्रेचर, X आणि Y. कागदावर X आडव्या अक्षावर आणि Y उभ्या अक्षावर घेतले की लहरीची अवस्था एका बिंदूने दाखवता येते. आरंभबिंदूपासूनचे त्याचे अंतर म्हणजे लहरीचा आयाम आणि त्याचा कोन म्हणजे फेज. लेसरचा प्रखर झोत X अक्षावर आहे असे मानले, तर X मधली थरथर आयामाची थरथर ठरते आणि Y मधली थरथर फेजची. कोणत्या अक्षाला X म्हणायचे हे मात्र आपण कशाच्या संदर्भाने मोजतो यावर अवलंबून असते, आणि ही गोष्ट पुढे वारंवार उपयोगी पडणार आहे.

उत्तम लेसरच्या प्रकाशातही नॉइज राहतोच, तो कुठून येतो?

पुंजयामिकीनुसार X आणि Y या दोन्ही राशी एकाच वेळी हव्या तितक्या अचूक असू शकत नाहीत. निर्वातातील प्रत्येक क्वाड्रेचरच्या विचरणाला, म्हणजे थरथर किती पसरली आहे याच्या मापाला, 1 मानले, तर अनिश्चितता तत्त्व एवढेच सांगते की दोन्ही विचरणांचा गुणाकार 1 पेक्षा कमी होणार नाही. आदर्श लेसरच्या प्रकाशात दोन्ही विचरणे बरोबर 1 असतात, म्हणून कागदावरचा तो बिंदू खरे तर एक लहानसा गोल डाग असतो. लेसर बंद केला तरी हा डाग नाहीसा होत नाही, फक्त आरंभबिंदूवर येऊन बसतो. म्हणजेच अंधारातही, एकही फोटॉन नसताना, क्षेत्राची थरथर चालूच असते.

याच गोष्टीला शॉट नॉइज म्हणतात आणि ती समजावताना पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचे उदाहरण देतात: फोटॉन थेंबांसारखे अनियमित अंतराने येतात, म्हणून मोजलेला प्रकाश थरथरतो. हे चित्र चुकीचे नाही. पण पावसाचे थेंब ओळीने कसे पाडायचे, हे त्या चित्रातून कधीच कळत नाही. त्यासाठी गोल डागाकडेच परत यावे लागते.

मग स्क्वीझ करणे म्हणजे काय?

गोल डागाचे क्षेत्रफळ घटवता येत नाही, पण त्याचा आकार बदलता येतो. एका दिशेने त्याला चेपले की तो लंबवर्तुळ होतो. चेपलेल्या दिशेचे विचरण 1 वरून s वर आले, तर काटकोनातल्या दिशेचे किमान 1/s होणारच. ही घट डेसिबलमध्ये सांगतात: 3 डेसिबल म्हणजे विचरण निम्मे, 10 डेसिबल म्हणजे एक दशांश, 15 डेसिबल म्हणजे सुमारे 0.032, आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूला ते 32 पट.

फुगा एका बाजूने दाबला की दुसऱ्या बाजूने फुगतो, हे उदाहरण सर्रास दिले जाते. ते अर्धेच उपयोगाचे आहे. फुगलेली बाजू नजरेआड ठेवली की काम झाले, असा त्यातून समज होतो. प्रकाशाच्या बाबतीत हे लंबवर्तुळ फिरते. वाटेत अंतर किंचित बदलले तरी त्याचा कोन बदलतो आणि आपण टाळलेली फुगलेली बाजू मोजमापात डोकावू लागते. या पानावरच्या बहुतेक अडचणींचे मूळ इथेच आहे.

निर्वातच स्क्वीझ करतात असे वाचले. रिकाम्या जागेत दाबण्यासारखे असते तरी काय?

असते ती वर सांगितलेली थरथर, आणि तिलाच लंबवर्तुळाचा आकार दिला जातो. गंमत अशी की स्क्वीझ केल्यावर ते निर्वात रिकामे राहत नाही. फुगलेल्या बाजूच्या थरथरीत ऊर्जा असते, म्हणून 10 डेसिबल स्क्वीझ केलेल्या निर्वातात प्रत्येक मोडमागे, म्हणजे क्षेत्राच्या प्रत्येक स्वतंत्र दोलनामागे, सरासरी 2 फोटॉन सापडतात आणि 15 डेसिबलला सुमारे 7.4. शिवाय आदर्श अवस्थेत ते नेहमी सम संख्येतच असतात, कारण ते जोड्यांनीच जन्माला येतात. नाव ‘निर्वात’ राहिले आहे ते क्षेत्राची सरासरी शून्य असते म्हणून.

स्क्वीझ्ड प्रकाश तयार कसा करतात?

नागपंचमीच्या झोक्यावर उभे राहून झोका कसा चढवतात ते आठवावे. दोन्ही टोकांना गुडघे वाकवायचे आणि झोका सर्वांत खाली आला की ताठ उभे राहायचे. म्हणजे झोक्याच्या एका पूर्ण आवर्तनात शरीराची हालचाल दोनदा होते. ताल बरोबर साधला तर झोका चढतो. हीच हालचाल उलट वेळी केली, म्हणजे खाली असताना वाकले आणि टोकाला उभे राहिले, तर चढलेला झोका उतरतो. थोडक्यात, दुप्पट वारंवारतेने दिलेला रेटा दोलनाच्या एका भागाला वाढवतो आणि पाव आवर्तनाने मागेपुढे असलेल्या दुसऱ्या भागाला दाबतो.

प्रकाशात गुडघ्यांचे काम स्फटिक करतो. लायगोमध्ये मुख्य लेसरची तरंगलांबी 1064 नॅनोमीटर आहे. तिच्या दुप्पट वारंवारतेचा, म्हणजे 532 नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश, आरशांच्या मधोमध बसवलेल्या अरैखिक स्फटिकात पाठवतात. हिरव्या प्रकाशामुळे स्फटिकाचा अपवर्तनांक त्याच तालावर बदलत राहतो आणि आरशांमध्ये घुमणाऱ्या निर्वाताच्या थरथरीचे एक क्वाड्रेचर वाढते, दुसरे दबते. फोटॉनच्या भाषेत सांगायचे तर एक हिरवा फोटॉन फुटून 1064 नॅनोमीटरचे दोन फोटॉन होतात. या रचनेला ऑप्टिकल पॅरामेट्रिक ऑसिलेटर, म्हणजेच ओपीओ म्हणतात.

हिरव्या प्रकाशाची शक्ती वाढवत नेली की एका उंबरठ्यावर ओपीओ स्वतःच लेसरसारखा पेटतो. स्क्वीझिंगसाठी त्याला उंबरठ्याखालीच ठेवतात. शक्ती आणि उंबरठ्याची शक्ती यांच्या गुणोत्तराचे वर्गमूळ x मानले, तर कोणतीही गळती नसलेल्या ओपीओमध्ये, त्याच्या बँडविड्थच्या मानाने कमी वारंवारतेला, दबलेले विचरण असे येते:

s = ((1 − x)/(1 + x))²

शक्ती उंबरठ्याच्या साधारण निम्मी ठेवली, म्हणजे x = 0.7 घेतले, तर s = (0.3/1.7)² = 0.031, म्हणजे 15 डेसिबल. कागदावर हे इतके सोपे आहे.

हे प्रत्यक्षात पहिल्यांदा केव्हा साधले?

1985 मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये स्लशर आणि सहकाऱ्यांनी सोडियमच्या अणूंमध्ये चार लहरींचे मिश्रण करून निर्वाताच्या पातळीखाली काही टक्क्यांची घट दाखवली. पुढच्याच वर्षी टेक्सासमध्ये किंबल यांच्या गटाने स्फटिक आणि ओपीओ वापरून ही घट निम्म्यापेक्षा अधिक करून दाखवली, आणि तेव्हापासून स्फटिकाचीच वाट राजमार्ग ठरली. जर्मनीत हॅनोव्हर येथे 2016 मध्ये 15 डेसिबलचे थेट मोजमाप नोंदवले गेले.

लायगोमध्ये हा प्रकाश नेमका कुठे सोडतात? लेसरच्याच मार्गात का नाही?

या प्रश्नाचे उत्तर कार्लटन केव्हज यांनी 1981 मध्ये दिले आणि ते आजही अनेकांना अनपेक्षित वाटते. लायगोचा इंटरफेरोमीटर 4 किलोमीटरच्या दोन काटकोनी भुजांचा आहे. दोन्ही भुजांतून परतणारा प्रकाश जिथे एकत्र येतो, तिथल्या बाहेर पडण्याच्या दाराकडे लहरी एकमेकींना जवळजवळ पूर्ण रद्द करतात, म्हणून त्याला अंधारे दार म्हणतात. गुरुत्वीय लहर आली की एक भुजा लांबते, दुसरी आखडते आणि त्या दारातून किंचित प्रकाश बाहेर येतो. केव्हज यांनी दाखवले की मोजमापातला शॉट नॉइज लेसरच्या बाजूने आत येतच नाही. अंधाऱ्या दारातून प्रकाश बाहेर पडू शकतो, तसे निर्वात त्याच दारातून आत शिरू शकते. ते भुजांमधून फिरून परत येते आणि डिटेक्टरवर लेसरच्या प्रकाशाशी मिसळते. नॉइज तोच.

म्हणून लेसरला हात न लावता त्या दारातून साध्या निर्वाताऐवजी स्क्वीझ केलेले निर्वात आत पाठवतात. मधे फॅरेडे आयसोलेटर असतो. तो आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या प्रकाशाच्या वाटा वेगळ्या करतो.

त्यापेक्षा लेसरची शक्ती वाढवणे सोपे नाही का?

काही मर्यादेपर्यंत तेच करतात. शॉट नॉइजच्या दृष्टीने 3 डेसिबल स्क्वीझिंग म्हणजे शक्ती दुप्पट करण्याइतकेच. पण भुजांमध्ये आताच काही लाख वॅट प्रकाश घुमत असतो. आरशाच्या लेपाने त्यातला अगदी नगण्य अंश शोषला तरी आरसा तापून त्याचा आकार बिघडतो, आणि प्रकाशाच्या दाबाने आरशाची स्वतःची कंपने भडकू शकतात. स्क्वीझिंगमुळे आरशांवर असा ताप येत नाही.

प्रयोगशाळेत 15 डेसिबल मिळतात, मग डिटेक्टरमध्ये पाच-सहाच का उरतात?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो आणि त्याचे उत्तर एका ओळीत आहे: गळती. वाटेत जेवढा प्रकाश हरवतो, तेवढ्या प्रमाणात त्याच्या जागी साधे निर्वात येऊन मिसळते, आणि साध्या निर्वाताचे विचरण 1 असते. एकूण कार्यक्षमता η असेल तर मोजलेले विचरण असे मिळते:

V = η·s + (1 − η)

आता आकडे घालून पाहू. ओपीओपासून फोटोडायोडपर्यंत सात टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्यावर 95 टक्के प्रकाश पुढे जातो असे मानू. प्रत्येक टप्पा सुटा पाहिला तर त्यात तक्रार करण्याजोगे काही नाही. पण 0.95 चा सातवा घात 0.70 येतो. म्हणजे 15 डेसिबल घेऊन निघालेल्या प्रकाशाचे विचरण 0.7 × 0.0316 + 0.3 = 0.322 होते, आणि हातात 4.9 डेसिबल पडतात. ओपीओने अनंत डेसिबल दिले असते तरी 0.3 राहिलेच असते, म्हणजे फक्त 5.2 डेसिबल. या टप्प्यावर ओपीओ सुधारण्यात वेळ घालवणे व्यर्थ असते. एखादी गळती 5 टक्क्यांवरून 1 टक्क्यावर आणण्यातच खरी कमाई आहे.

गळती म्हणजे फक्त आरशातून निसटलेला प्रकाश नव्हे. आयसोलेटर थोडा प्रकाश खातो, फोटोडायोड प्रत्येक फोटॉनमागे इलेक्ट्रॉन देतोच असे नाही, आणि सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे दोन झोतांचे आकार न जुळणे. स्क्वीझ्ड झोत आणि संदर्भाचा झोत यांच्या व्यतिकरण पट्ट्यांची दृश्यता 98 टक्के आली तर विद्यार्थी खूश होतात, पण कार्यक्षमतेत तिचा वर्ग येतो: 0.96. चार टक्के तिथेच गेले. यात कुठेही प्रकाश सांडलेला दिसत नाही, म्हणून शक्तिमापक लावून ही गळती सापडत नाही.

स्क्वीझिंग खरोखर झाले आहे, हे कशावरून ठरवतात?

टेबलावरच्या प्रयोगात होमोडाइन पद्धत वापरतात. स्क्वीझ्ड प्रकाश आणि त्याच वारंवारतेचा एक प्रखर झोत, ज्याला लोकल ऑसिलेटर म्हणतात, हे दोन्ही अर्धपारदर्शक आरशावर मिसळून दोन फोटोडायोडवर पाडतात आणि दोघांच्या विद्युतप्रवाहांची वजाबाकी घेतात. लोकल ऑसिलेटरचा फेज ठरवतो की कोणते क्वाड्रेचर मोजले जाणार.

आधी स्क्वीझ्ड प्रकाशाची वाट अडवतात. स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरवर एक सपाट, बारीक थरथरणारी रेघ येते. ती शॉट नॉइजची पातळी, आपले शून्य डेसिबल. मग वाट मोकळी करून लोकल ऑसिलेटरचा आरसा पिझोने हळूहळू सरकवतात, आणि रेघ लाटेसारखी वरखाली होऊ लागते. वरचे माथे रुंद आणि गोलसर, तर खालच्या दऱ्या अरुंद, टोकदार, आणि सरासरी काढण्याचा काळ लांब ठेवला असेल तर अर्धवट बुजलेल्या. त्या दऱ्यांचे टोकदार असणेच सांगते की योग्य कोन किती अचूक धरावा लागणार आहे.

माथा आणि दरी या दोन आकड्यांतून सगळी हकीकत निघते. समजा दरीचे विचरण 0.322 आले आणि माथ्याचे 22.4. आदर्श अवस्थेत यांचा गुणाकार 1 असायला हवा. इथे तो सुमारे 7.2 आहे, म्हणजे गळती नक्की. पुढचे गणित एका भागाकाराचे आहे:

(V₊ − 1)/(1 − V₋) = 21.4/0.678 ≈ 31.6

हे गुणोत्तर थेट 1/s देते, कारण η अंश आणि छेद दोन्हींतून निघून जातो. म्हणजे ओपीओ 15 डेसिबल देत होता, आणि त्यावरून η = 0.7. केवळ ‘पाच डेसिबल मिळाले’ असे सांगणारा अहवाल त्यामुळे मला नेहमी अपुरा वाटतो. माथ्याचा आकडा दिला नसेल तर गळती किती हे वाचणाऱ्याला कळत नाही.

मोजमापात फसगत कुठे होते?

सुरुवात शून्य डेसिबलच्या रेघेपासूनच होते. लोकल ऑसिलेटरची शक्ती दुप्पट केली की ती रेघ बरोबर 3 डेसिबलने वर गेली पाहिजे. 6 डेसिबलच्या आसपास गेली, तर आपण लेसरचा स्वतःचा ढोबळ नॉइज मोजत आहोत आणि दोन फोटोडायोडांचा तोल नीट जमलेला नाही. 3 पेक्षा कमी गेली, तर प्रवर्धक संपृक्त होत आहे किंवा इलेक्ट्रॉनिक्सचा स्वतःचा नॉइज वरचढ आहे. हा शेवटचा नॉइजही हिशेबात धरावा लागतो: तो प्रकाशाच्या शॉट नॉइजच्या एक दशांश असेल आणि प्रकाश खरोखर 10 डेसिबल स्क्वीझ झालेला असेल, तरी पडद्यावर (0.1 + 0.1)/(1 + 0.1) = 0.18, म्हणजे सुमारे 7.4 डेसिबलच दिसतील.

विद्यार्थिदशेत मी स्वतः दोन दिवस एका अशाच खोट्या यशात होतो. वाट मोकळी केली की रेघ छान खाली जायची. कोणीतरी विचारले, माथे कुठे आहेत? माथे नव्हतेच. जुळवणीसाठी वापरलेला एक झोत अडवायचा राहून गेला होता, त्याने प्रवर्धक संपृक्त होत होता आणि त्याचा लाभांक घटल्यामुळे सगळीच रेघ खाली बसत होती. लोकल ऑसिलेटरचा फेज फिरवूनही जी घट हलत नाही, ती स्क्वीझिंगची नव्हे.

गळती ठरलेली असेल, तर ओपीओ जास्तीत जास्त ताणून का चालवू नये? नुकसान तर काहीच नाही.

नुकसान आहे, आणि ते फुगलेल्या बाजूकडून येते. मोजमापाचा कोन θ ने चुकला तर हे मोजले जाते:

V = V₋·cos²θ + V₊·sin²θ

वरचेच उदाहरण घेऊ, η = 0.7. परिणाम ठळक दिसावा म्हणून कोनाची चूक मुद्दाम मोठी, 100 मिलिरेडियन, धरू. 15 डेसिबलच्या ओपीओसाठी V = 0.322 × 0.99 + 22.4 × 0.01 ≈ 0.54, म्हणजे 2.7 डेसिबल. आता त्याच ओपीओची हिरवी शक्ती उतरवून त्याला 10 डेसिबलवर आणू. दरी 0.37 आणि माथा 7.3 होतो, कोन चुकल्यावर V ≈ 0.44, म्हणजे 3.6 डेसिबल. कमी स्क्वीझ करून जास्त फायदा मिळाला. प्रत्येक यंत्रणेसाठी असा एक सर्वोत्तम बिंदू असतो आणि तो कोन किती स्थिर धरता येतो यावर ठरतो.

100 मिलिरेडियन म्हणजे 1064 नॅनोमीटरच्या प्रकाशासाठी वाटेत 17 नॅनोमीटरचा फरक. पाव तरंगलांबी, म्हणजे 266 नॅनोमीटर, चुकली तर आपण थेट माथ्यावरच बसतो. आणि कोन धरून ठेवायचा तर कशाला धरायचे? स्क्वीझ केलेल्या निर्वातात प्रखर झोत नसतो, त्यामुळे नेहमीच्या लॉकिंगला पकडायला काहीच सापडत नाही. 2006 मध्ये हॅनोव्हरच्या गटाने यावर तोडगा दाखवला: वारंवारता किंचित सरकवलेला एक क्षीण झोत ओपीओतून सोबत पाठवायचा आणि त्याच्या साहाय्याने कोन सांभाळायचा. वारंवारता वेगळी असल्याने तो मोजमापाच्या पट्ट्यात नॉइज मिसळत नाही.

डिटेक्टरमध्ये फुगलेले क्वाड्रेचर कुणालाच त्रास देत नाही का?

उच्च वारंवारतेला देत नाही, कमी वारंवारतेला देते. फेजचे क्वाड्रेचर दाबले की आयामाचे फुगते, म्हणजे भुजांमधल्या प्रकाशाची तीव्रता अधिक थरथरते. प्रकाश आरशाला ढकलतो, म्हणून तीव्रतेची थरथर आरशावरच्या बलाची थरथर होते. लायगोचा आरसा 40 किलोचा आहे. तरी 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापात प्रकाशाच्या पुंजथरथरीने तो सुमारे 10⁻²⁰ मीटर हलतो हे दिसून आले. टांगलेल्या आरशावर एकाच आकाराचे बल लावले तर त्याचे विस्थापन वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणून ही किंमत काही दशक हर्ट्झच्या पट्ट्यात मोजावी लागते, आणि कृष्णविवरांच्या जोड्यांचा बराचसा संकेत नेमका त्याच पट्ट्यात असतो.

म्हणजे गरज अशी आहे की उच्च वारंवारतेला फेज दाबलेली असावी आणि कमी वारंवारतेला आयाम. एकच लंबवर्तुळ, पण वारंवारतेनुसार 90 अंशांनी फिरलेले. हे काम फिल्टर कॅव्हिटी करते: समोरासमोर दोन आरसे, ज्यांच्यावरून ओपीओतला प्रकाश इंटरफेरोमीटरमध्ये जाण्यापूर्वी परावर्तित होतो. तिच्या बँडविड्थच्या आतल्या वारंवारतांना ती फेजचा वळसा देते, बाहेरच्यांना तसेच सोडते. बँडविड्थ काही दशक हर्ट्झ हवी, म्हणजे प्रकाश आत काही मिलिसेकंद घुमत राहायला हवा. लायगोतील फिल्टर कॅव्हिटी 300 मीटर लांब आहे. तिच्यात एका फेरीला 2 मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे हजारो फेऱ्या आल्या, आणि प्रत्येक फेरीत आरशावर थोडा प्रकाश विखुरतो. कॅव्हिटी छोटी केली तर तेवढ्याच वेळात फेऱ्या वाढतात आणि गळती सगळे स्क्वीझिंग गिळते. एवढी मोठी निर्वात नळी टाकण्यामागचे कारण हेच.

प्रत्यक्षात फायदा किती झाला?

जर्मनीतील जिओ600 हा डिटेक्टर 2010 पासून स्क्वीझिंग वापरतो. लायगोने ते 2019 मध्ये सुरू झालेल्या तिसऱ्या निरीक्षण सत्रापासून नियमित वापरात आणले. तेव्हा फिल्टर कॅव्हिटी नव्हती आणि घट 2 ते 3 डेसिबल होती. 2023 च्या चौथ्या सत्रात फिल्टर कॅव्हिटी आल्यावर 1 किलोहर्ट्झजवळ लायगोच्या दोन डिटेक्टरांपैकी हॅनफर्डला 4.0 आणि लिव्हिंग्स्टनला 5.8 डेसिबल नोंदवले गेले. स्क्वीझिंग नसतानाच्या तुलनेत डिटेक्टरचा पल्ला 15 ते 18 टक्क्यांनी वाढला. हे आकडे किरकोळ वाटू शकतात, पण घटनांची संख्या पल्ल्याच्या घनाप्रमाणे वाढते आणि 1.18 चा घन 1.64 आहे. डेसिबल आणि पल्ला यांची सरळ सांगड मात्र घालू नये, कारण कमी वारंवारतेला आरशांच्या लेपाचा उष्णतेचा नॉइज आणि इतर अनेक नॉइज असतात, आणि त्यांच्यावर स्क्वीझिंगचा काहीच परिणाम होत नाही.

हिंगोलीतल्या लायगो-इंडियाशी याचा संबंध आहे का?

आहे. औंढा नागनाथजवळ उभारायच्या या डिटेक्टरला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये सुमारे 2,600 कोटी रुपयांची मंजुरी दिली. भुजा तशाच 4 किलोमीटरच्या असतील आणि पुण्यातील आयुका ही या प्रकल्पातील संस्थांपैकी एक आहे. अंधाऱ्या दारातून शिरणारे निर्वात तिथेही तेच असल्याने वरचे गळतीचे आणि कोनाचे गणित जसेच्या तसे लागू पडते.

गळतीत हरवलेले स्क्वीझिंग नंतर प्रवर्धक लावून परत मिळवता येईल का?

नंतर नाही. गळतीबरोबर शिरलेले निर्वात संकेतात मिसळून गेलेले असते आणि प्रवर्धक दोघांनाही सारखेच मोठे करतो. गळतीच्या आधी मात्र उपाय करता येतो. इंटरफेरोमीटरमधून बाहेर पडल्यावर, पण फोटोडायोडपर्यंतची गळती सुरू होण्यापूर्वी, दुसरा ओपीओ बसवून संकेताचे क्वाड्रेचर दहापट शक्तीने वाढवले असे समजू, आणि सोयीसाठी 30 टक्के गळती त्याच्यापुढेच आहे असे धरू. 0.0316 चे 0.316 होते, गळतीनंतर 0.7 × 0.316 + 0.3 = 0.52. संकेताची शक्ती 0.7 ऐवजी 7 झाली आहे, म्हणून संकेताच्या तुलनेत नॉइज 0.52/7, म्हणजे सुमारे 0.074 उरतो. प्रवर्धकाशिवाय तो 0.322/0.7, म्हणजे 0.46 होता. एका क्वाड्रेचरपुरते असे प्रवर्धन नवा नॉइज न घालता होऊ शकते, कारण त्याची किंमत पुन्हा दुसऱ्याच क्वाड्रेचरमध्ये भरली जाते. अडचण व्यवहारातली आहे: ओपीओपासून इंटरफेरोमीटरपर्यंत आणि त्याच्या आत होणाऱ्या गळतीवर हा उपाय चालत नाही, आणि मधे बसवलेल्या नव्या स्फटिकाची व त्याच्या आरशांची स्वतःची गळती प्रवर्धनाच्या आधीच मोजावी लागते.